फोन आडवा, डाव नवा

सुडोकूच्या ८१ घरांपैकी साठेक घरे भरून झालेली असतात, घड्याळ बारा मिनिटे दाखवत असते आणि लोडावर रेलताना हातातला फोनही आडवा होतो. स्क्रीन क्षणभर लुकलुकतो आणि समोर येते ते नवे कोरे कोडे. तेही अर्धवट, नऊपैकी चारच ओळी दिसणारे! फोन बिघडल्याची शंका येणे साहजिक आहे. पण दोष फोनचा नसतो. खेळ लिहिणाऱ्याने अँड्रॉइडच्या एका जुन्या नियमाकडे केलेल्या दुर्लक्षाचा हा परिणाम असतो.

अँड्रॉइडमध्ये ॲपच्या एका स्क्रीनला 'ॲक्टिव्हिटी' म्हणतात. फोन उभ्याचा आडवा झाला, की चालू ॲक्टिव्हिटी मोडून टाकायची आणि तीच पुन्हा पहिल्यापासून उभी करायची, असा या प्रणालीचा मूळ रिवाज आहे. तो वरकरणी आडमुठा वाटला तरी त्यामागे कारण आहे. उभ्या आणि आडव्या स्क्रीनसाठी बटणांची, चित्रांची मांडणी निराळी असू शकते. जुन्या मांडणीत ठिगळे लावत बसण्यापेक्षा सारे नव्याने मांडणे अधिक खात्रीचे, हा तो विचार.

मात्र या पुनर्जन्मात ॲक्टिव्हिटीने स्वतःजवळ ठेवलेले आकडेही पुसले जातात. ॲक्टिव्हिटी उभी होताना `onCreate` हा भाग चालतो. 'नवे कोडे तयार कर, घड्याळ शून्यावर आण' ही आज्ञा तिथेच लिहिलेली असेल, तर फोन वळवताच ती इमानेइतबारे पुन्हा पाळली जाते.

यावरचा उपायही प्रणालीनेच दिला आहे. ॲक्टिव्हिटी मोडण्यापूर्वी `onSaveInstanceState` या भागाला हाक दिली जाते. तिथे ८१ घरांतील आकडे आणि झालेली वेळ यांची शिदोरी बांधून ठेवली, तर पुढच्या `onCreate`च्या हाती ती मिळते. शिदोरी मिळाली तर जुना डाव मांडायचा, नसेल तरच नवा, एवढीच अट प्रोग्रामरने घालायची. परंतु ही शिदोरी लहानच असावी लागते आणि वापरणाऱ्याने ॲप बंद करून टाकले तर तीही उरत नाही. म्हणून लांबणारा डाव वेळोवेळी फोनच्या साठवणीत नोंदवणे उत्तम.

आता चारच ओळी का दिसल्या, ते पाहू. समजा, स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद आणि २४०० पिक्सेल उंच आहे. रुंदीला नऊने भागून एका घराची बाजू १२० पिक्सेल ठरली आणि पट नीट बसला. फोन आडवा झाल्यावर रुंदी २४०० झाली; त्याच हिशेबाने घर सुमारे २६६ पिक्सेलचे झाले. उंची मात्र आता १०८० आहे. त्यात चारच ओळी मावतात, बाकीच्या स्क्रीनबाहेर जातात. रुंदी आणि उंची यांतील लहान बाजू धरून भागाकार केला असता, तर ही वेळ आली नसती.

काही प्रोग्रामर जवळची वाट धरतात. ॲपच्या माहितीपत्रकात पुढील ओळ लिहिली, की फोन वळल्यावर ॲक्टिव्हिटी मोडली जात नाही:

```
android:configChanges="orientation|screenSize"
```

डाव वाचतो, पण 'मांडणी मी सांभाळीन' अशी हमी या ओळीतून दिलेली असते. खेळ सुरुवातीला मोजलेली जुनी मापेच वापरत राहिला, तर उभ्या स्क्रीनवर १२०० पिक्सेल खाली काढलेली आकड्यांची बटणे १०८० उंचीच्या आडव्या स्क्रीनवर दिसणारच नाहीत.

तेव्हा लक्षणावरून निदान करता येते. डाव पुसला गेला, तर स्थिती जपलेली नाही. डाव शाबूत असून बटणे गायब झाली, तर मापे पुन्हा घेतलेली नाहीत. दोन्ही घडले, तर चुका दोन आहेत. विकसकाला तक्रार कळवताना हा फरक सांगितल्यास त्याचे काम सोपे होते.

तोवर फोनच्या झटपट सेटिंगमधून आपोआप फिरणे बंद ठेवावे. मात्र हा निव्वळ तात्पुरता इलाज झाला. खेळ सुरू असताना फोनची भाषा बदलली किंवा संध्याकाळी गडद रंगसंगती आपोआप लागू झाली, तरी ॲक्टिव्हिटी अशीच मोडून पुन्हा उभी राहू शकते. ज्या खेळाने डाव जपलेला नाही, त्याचा डाव मग फोन न वळताही मोडतो.