कागद निमाइ, मांजर निहिकी

जपानी दुकानात दोन कागद हवे असतील, तर नुसतं ‘दोन’ म्हणून भागत नाही. ‘निमाइ’ म्हणावं लागतं: ‘नि’ म्हणजे दोन, ‘माइ’ हा सपाट, पातळ वस्तूंचा गणनाशब्द. ताटली, शर्ट, तिकीट यांनाही ‘माइ’च.

मांजराला ‘हिकी’, गायीला ‘तो’, पक्ष्याला ‘वा’. सशालाही परंपरेने ‘वा’! शिकणारा अडखळतो तो उच्चारात: एक मांजर ‘इप्पिकी’, दोन ‘निहिकी’, तीन ‘साम्बिकी’.

चिनी ‘जांग’ कागदाला लागतो, तसाच टेबलाला आणि पलंगालाही. तिथे पृष्ठभाग महत्त्वाचा. मासा आणि साप लांबट, म्हणून ‘त्याओ’.

इंग्रजीत ‘टू डॉग्ज’ पुरतं. कागदासाठी मात्र ‘टू शीट्स ऑफ पेपर’ म्हणावं. ‘टू पेपर्स’ म्हटलं तर ऐकणारा दोन वर्तमानपत्रं समजू शकतो.