पातळ होताना अधिक फुटणारे आम्ल

व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल एक लिटर द्रावणात एक दशांश मोल, म्हणजे साधारण सहा ग्रॅम, असेल तर २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता दर सेंटिमीटरला ५२० मायक्रोसीमेन्सच्या आसपास भरते. हे द्रावण दहापट पातळ केले, तर वाहकताही दहापट उतरून ५२ व्हावी असे वाटते. प्रत्यक्षात ती १६२ येते. पुन्हा दहापट पातळ केले की ४९च्या जवळ. आम्ल दर खेपेला दहापट विरळ होते, वाहकता मात्र तिपटीनेच घटते. या तफावतीतच आम्लाचा स्वभाव मोजण्याची किल्ली आहे.

तफावत नीट दिसावी म्हणून वाहकतेला संहतीने भागतात. एक मोल आम्लाच्या वाट्याला किती वहन आले, हे त्यातून कळते. हीच मोलार वाहकता. वरच्या तीन द्रावणांसाठी ती ५.२, १६.२ आणि ४८.६ येते (एकक: S cm² mol⁻¹). एकूण वाहकता घसरत असताना मोलमागची वाहकता चढते आहे.

ती चढते याचे कारण रेणूंच्या गाठीभेटींत आहे. वीज वाहून नेतात ते आयन, आणि ॲसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू पाण्यात अखंडच राहतात. रेणू फुटायला दुसऱ्या आयनाची गरज नसते, पण फुटलेल्या आयनांना पुन्हा जुळायचे तर एकमेकांना गाठावे लागते. द्रावण दहापट विरळ झाले की फुटण्याच्या घटना दहापट कमी होतात आणि आयनांच्या भेटी शंभरपट. त्यामुळे फुटण्याचे पारडे जड होते, आणि नवा समतोल साधेपर्यंत आणखी रेणू आयनांत विभागतात.

किती टक्के रेणू फुटले हे काढायचे, तर सगळे फुटल्यावर मोलार वाहकता किती असेल ते ठाऊक हवे. द्रावण अधिकाधिक पातळ करत तिथवर पोचता येत नाही. लिटरमागे एक लाखांश मोल इतके पातळ केले तरी सुमारे ७१ टक्केच रेणू फुटतात, आणि तिथे आम्लाची वाहकता पाण्यातल्या अशुद्धीच्या वाहकतेच्या पंगतीला येऊन बसते. वाट काढली फ्रिडरिक कोलराउश यांनी. अतिविरल द्रावणात प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे देतो, हे त्यांनी दाखवले. मग पाण्यात पूर्ण फुटणाऱ्या पदार्थांच्या सीमावर्ती किमतींची बेरीज-वजाबाकी पुरते: हायड्रोक्लोरिक आम्लाचे ४२६.२ अधिक सोडियम ॲसिटेटचे ९१.०, त्यातून मिठाचे १२६.५ वजा. सोडियम आणि क्लोराइड गळून पडतात, आणि उरतात ३९०.७.

आता मधले द्रावण घेऊ. १६.२ला ३९०.७ने भागले की ०.०४१५. म्हणजे शंभरातले जेमतेम चार रेणू फुटलेले. हा अंश α आणि संहती c मानली, तर विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडलेले सूत्र असे:

K = cα² / (1 − α)

०.०१ गुणिले ०.०४१५चा वर्ग, भागिले ०.९५८५. उत्तर १.८ × १०⁻⁵. शंभरपट फरकाच्या टोकांवरची दोन द्रावणेही याच गणितात घाला: ०.१ला १.७९ आणि ०.००१ला १.७७, दोन्ही × १०⁻⁵. मोलार वाहकता नऊपटींहून जास्त बदलली, K जवळजवळ जागचा हलला नाही. म्हणून त्याला विचरण स्थिरांक म्हणायचे. हायड्रोक्लोरिक आम्लावर हेच सूत्र चालवले, तर याच टोकांमध्ये K एकाच्या आसपासून ०.०९वर कोसळतो. तीव्र आम्ल मुळात पूर्ण फुटलेलेच असते. त्याच्या मोलार वाहकतेतली किरकोळ वाढ आयनांची परस्पर ओढ सैल पडल्याने होते, नव्याने फुटल्याने नव्हे. K टिकतो की ढासळतो, यावरून सूत्र योग्य जागी वापरले का ते कळते.

मोजताना दगा देणाऱ्या गोष्टी दोन. तापमान एका अंशाने सरकले तर वाहकता साधारण एक ते दोन टक्के बदलते, म्हणून पात्र स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवावे लागते. दुसरे, उघड्यावरचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि त्याची स्वतःची वाहकता एक मायक्रोसीमेन्सपर्यंत जाते. लिटरमागे एक दशसहस्रांश मोल आम्लाची वाहकता तेरा मायक्रोसीमेन्सच्या घरात असते, तिथे ही भर दुर्लक्षून चालत नाही. ती सरसकट वजाही करता येत नाही, कारण आम्लाच्या सान्निध्यात कार्बनिक आम्लाचे फुटणे दबते.

१.७९ आणि १.७७ यांतला बारीक फरकही केवळ मोजणीची चूक नव्हे. सौम्य आम्लातले थोडे आयनही एकमेकांना ओढतात, आणि ओस्टवाल्ड यांच्या सूत्रात ही ओढ धरलेली नाही. मॅकइनेस आणि शेडलोव्स्की यांनी १९३२ मध्ये ती हिशेबात घेऊन ॲसेटिक आम्लाचा स्थिरांक काढला. तो आला १.७५ × १०⁻⁵.