भिंतीवरचा प्रथमोपचार : भाग ५ – ‘नका’ खाली घसरू नये म्हणून

मागच्या भागात भाजल्याचा तक्ता पाहिला. आज सर्पदंशाचा. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातले ऊसतोड कामगार हंगामात महिनोन्‌महिने कोपीत राहतात, जमिनीवर निजतात, पाचटात हात घालतात. हा तक्ता त्यांच्यासाठी आहे.

आधी इंग्रजीचं. सर्पदंशाच्या सरकारी उपचारपद्धतीत ‘राइट’ या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांवर पायऱ्या बसवल्या आहेत : रुग्णाला धीर देणं, अवयव हलू न देणं, दवाखान्यात नेणं आणि डॉक्टरांना लक्षणं सांगणं. इंग्रजीत ते चटकन लक्षात राहतं. मराठीत आणायला गेलं की अक्षरांची गंमत उरत नाही, उरतात ‘आश्वस्त करा’, ‘अवयव स्थिर करा’ असे कागदी शब्द. म्हणून मजकूर मराठीत आधी लिहावा. ‘धीर द्या’ हे दोन शब्द कोपीतल्या आजीलाही समजतात. मग इंग्रजीची काय गरज? टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. तिथल्या वाहनचालकाला मराठी वाचता येईलच असं नाही. त्याच्यासाठी चित्राखाली बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ पुरते.

खरी अडचण नकाराची. इंग्रजीत ‘डू नॉट’ वाक्याच्या तोंडाशीच येतं. मराठीत ‘नका’ शेवटी येतो. सहा चित्रांचा तक्ता दोन रांगांत उभा मांडला तर ए-थ्री कागदावर एका चौकटीला साधारण १३ सेंटिमीटर रुंदी मिळते. चार-पाच पावलांवरून वाचता यावं म्हणून अक्षर दोन सेंटिमीटर उंच घेतलं की ‘दोरी बांधू नका’ ही ओळ १४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. ती मावत नाही. संगणक ‘नका’ खालच्या ओळीत टाकतो आणि वर ठळक उरतं, ‘दोरी बांधू’. अडखळत वाचणारा घाबरलेला माणूस तेवढंच वाचेल. यावर अक्षर लहान करणं हा उपाय नव्हे. ए-टू कागद घ्यावा, चौकट १९ सेंटिमीटरची होते, ओळ एकसंध बसते. ‘नका’ तेवढा लाल करावा. ओळींमध्ये अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

आता चित्र. पायाला फळी बांधायची असते आणि दोरी बांधायची नसते. चित्रकाराने दोन्ही घाईत काढली तर दोन्हीकडे दिसतो बांधलेला पाय. वाचता न येणाऱ्याने यातलं काय घ्यायचं? फळीच्या चित्रात टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत लांब काठी हवी, तिला दोन-तीन ठिकाणी रुंद फडकं हवं आणि त्या फडक्याखाली सहज सरकलेलं एक बोट दिसायला हवं. सैलपणा त्या बोटामुळे कळतो. दोरीच्या चित्रात मात्र बारीक सुतळी मांसात रुतलेली आणि खालचा पाय सुजून काळवंडलेला काढावा. घोणस आणि फुरशाचं विष चावल्या जागेचं मांस सडवतं, त्यात रक्त अडलं की पायच जाऊ शकतो. हे कारण लिहायला जागा नसते, ते त्या काळ्या पायाने सांगावं.

चित्रावर सरसकट लाल फुली मारण्याची सवय आहे. ती नेमका रुतलेला भाग झाकते. शिवाय शाळेत न गेलेल्या माणसाला फुली म्हणजे चूक हे ठाऊक असेलच असं नाही, त्याला ती दवाखान्याची खूणही वाटू शकते. त्यापेक्षा नकाराच्या चौकटीची पूर्ण कड जाड लाल करावी आणि चावल्या जागी चिरा द्यायला ब्लेड धरलेला हात दुसऱ्या माणसाने अडवलेला दाखवावा. (जाता जाता : पांढऱ्यावरचा लाल क्रॉस तक्त्यावर वापरू नये, त्याला १९६० च्या कायद्याचं संरक्षण आहे.)

पहिल्या चौकटीत फणा काढलेला नाग काढायचा मोह आवरावा. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून सापाशेजारी अंथरुणावर पोट धरून बसलेला, पापण्या मिटत आलेला माणूस हवाच. मथळा ‘पान लागलं?’ असा ठेवावा का? घरात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, तसंच बोलतात. पण तरुण पोरांना तो शब्द कळेलच असं नाही, तेव्हा ‘साप चावला?’ हेच बरं.

छापण्याआधी मथळे कागदाने झाकून चार-पाच बायाबापड्यांना एकेक चित्र दाखवावं आणि ‘इथं काय चाललंय?’ एवढंच विचारावं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. फळीच्या चित्राला कुणी ‘पाय मोडलाय’ म्हणालं, तर पायावर दाताच्या दोन खुणा ठळक करून पुन्हा दाखवावं.

शेवटच्या चौकटीत गाडी आणि नंबर. नंबर मोबाईलच्या बटणांवर दिसतो तसाच छापावा : 108. देवनागरी अंक इथे नकोत, अंधारात बटण शोधणाऱ्याला आकड्याचा आकार जुळवता आला पाहिजे. शेजारी एक रिकामा पांढरा चौकोन सोडावा, त्यात मुकादमाने फडाच्या सर्वांत जवळ विषावरची लस मिळणाऱ्या दवाखान्याचं नाव हंगामाच्या पहिल्या दिवशी मार्करने लिहावं. फड बदलला की ते पुसून नवं लिहायचं, म्हणून तेवढ्या जागेवर चकचकीत प्लास्टिकचा थर हवा.