फातिहा : ‘तो’कडून ‘तू’कडे

रमजान सुरू झाला की तरावीहच्या नमाजसाठी दाटलेल्या मशिदींचे फोटो रोज छापून येतात आणि ध्वनिवर्धकावरून ऐकू येणारे अरबी शब्द मुसलमानेतर वाचकांच्याही कानावर पडतात. त्यातले सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द एकाच सूरेतले असतात, अल-फातिहा. नमाजच्या प्रत्येक रकातीत ती म्हटली जाते. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार अशा नुसत्या फर्ज रकाती धरल्या तरी दिवसाला 17 वेळा. आपल्याकडे ती म्हणणाऱ्या बहुतेकांची बोली मराठी, दखनी, उर्दू किंवा कोकणी. ओळी तोंडपाठ असतात, पण एकेका शब्दाचा अर्थ फारसा कुणी समजावून सांगत नाही. या सात आयतींत जे घडतं, ते मात्र शब्द सुटे करून पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

पहिला शब्द ‘हम्द’. आपण त्याचं भाषांतर ‘स्तुती’ असं करून मोकळे होतो. अरबीत आभारासाठी ‘शुक्र’ हा वेगळा शब्द आहे. शुक्र मानायचा तो मला काही मिळालं म्हणून, हम्द करायची ती समोरचा मुळातच स्तुतीला पात्र आहे म्हणून. आधी लागलेल्या ‘अल’मुळे ती सगळीच्या सगळी स्तुती होते.

पुढचा शब्द ‘रब्ब’. अरबीत घरधन्यालाही रब्ब म्हणतात, त्यामुळे मालकीचा अर्थ त्यात आहेच. पण जुने कोशकार सांगतात की एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने, तिच्या तिच्या गरजेनुसार वाढवत पूर्णत्वाला नेणं हा या शब्दाचा गाभा. मौलाना अबुल कलाम आझादांच्या ‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड 1931 साली आला. त्यात फातिहेवरचं भाष्य म्हणजे स्वतंत्र ग्रंथच आहे आणि त्याचा पाया या ‘रब्ब’ शब्दावर उभा आहे. देवाची ओळख इथे आधी पालनकर्ता म्हणून होते, न्यायाधीश म्हणून नंतर, हा क्रम आझादांना फार महत्त्वाचा वाटतो. लगेच येणारा ‘आलमीन’ हा ‘आलम’चा अनेकवचनी शब्द, म्हणजे साऱ्या जगांचा. कुठल्या एका टोळीचा, वंशाचा किंवा देशाचा देव इथे नाही, हे आझाद ठासून सांगतात. मला त्यांचं हे वाचन आजही सर्वांत भक्कम वाटतं.

‘रहमान’ आणि ‘रहीम’ एकाच धातूचे. त्याच धातूपासून गर्भाशयाचा ‘रहिम’ हा शब्द येतो. ‘रहमान’च्या घडणीत दयेचा ओसंडून वाहणारा भर आहे, ‘रहीम’च्या घडणीत तिचं सातत्य. त्यानंतर ‘मालिक’, ज्यावरून आपला ‘मालक’ आला. कशाचा मालक, तर ‘यौमिद्दीन’चा. ‘दीन’ म्हणजे धर्म हे आपल्याला ठाऊक असतं, पण इथे अर्थ आहे हिशेबाचा, केल्या कर्माच्या परतफेडीचा. ‘मालिक’ हा शब्द दोन प्रकारे वाचला जातो. आपल्याकडच्या पठणपरंपरेत ‘मा’ दीर्घ आहे, तर मोरोक्को-अल्जीरियाच्या परंपरेत ऱ्हस्व, ‘मलिक’, म्हणजे राजा. दोन्ही वाचनं प्रमाण मानली जातात.

इथपर्यंत सगळं ‘तो’विषयी चाललं होतं. पुढच्या शब्दाला, ‘इय्याक’ला, बोलणारा एकदम त्याच्याकडे तोंड करतो आणि ‘तू’ म्हणतो. अरबी साहित्यशास्त्रात या वळणाला ‘इल्तिफात’ म्हणतात. शिवाय अरबीत ‘तुला’ हे सर्वनाम एरवी क्रियापदाच्या शेपटीला चिकटतं. इथे ते सोडवून वाक्याच्या डोक्यावर आणलं आहे आणि त्यामुळे ‘फक्त तुलाच’ हा अर्थ तयार होतो. इंग्रजी भाषांतरकारांना यासाठी जादा शब्द घालावा लागतो. मराठीत एक ‘च’ पुरतो : आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझ्याचकडे मदत मागतो. ‘नअबुदु’ या क्रियापदाचा धातू ‘अब्दुल’मधल्या ‘अब्द’चा, म्हणजे दासाचा. ते क्रियापद बहुवचनी आहे, त्यामुळे घरात एकटा नमाज पढणाराही ‘आम्ही’च म्हणतो. मराठीत इथे ‘आपण’ चालणार नाही, कारण ज्याच्याशी बोलणं चाललं आहे तो या ‘आम्ही’त नाही.

‘सहीह मुस्लिम’मधल्या एका हदीसनुसार अल्लाह म्हणतो की ही प्रार्थना मी माझ्यात आणि दासात अर्धी-अर्धी वाटली आहे. आधीची स्तुती त्याची, नंतरचं मागणं दासाचं आणि ‘इय्याक’ची आयत दोघांची. म्हणजे सूरेचं वळण कुठे आहे, हे परंपरेनं फार आधी ओळखलं होतं. या हदीसमध्ये मोजणी ‘हम्द’पासून सुरू होते. ‘बिस्मिल्लाह’ ही फातिहेची आयत नाही, या हनफी मताला त्यातून आधार मिळतो. शाफई तिला पहिली आयत मानतात. महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई. म्हणून रत्नागिरीकडच्या मशिदीत इमाम मगरिबला बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणताना ऐकू येतो, पुण्या-औरंगाबादकडच्या हनफी मशिदीत तो ती मनात म्हणतो. आयती दोन्हीकडे सातच. हनफी शेवटची लांब आयत दोन धरतात.

मग मागणं येतं, तेही एकच : ‘इह्दिना’, आम्हाला वाट दाखव. त्यातली ‘हिदायत’ आपल्या ओळखीची. वाटेसाठीचा ‘सिरात’ हा शब्द मुळात लॅटिनमधला, रोमन फरसबंदी रस्त्याचं नाव, असं भाषातज्ज्ञ मानतात. ‘मुस्तकीम’ म्हणजे सरळ. त्याचा धातू उभं राहण्याचा आणि नमाजमधल्या उभ्या स्थितीला म्हणतात ‘कियाम’. दोन्ही शब्दांचं मूळ एक. फातिहा म्हटली जाते ती कियाममध्येच.

शेवटी त्या वाटेची ओळख तीन प्रकारच्या लोकांवरून करून दिली आहे आणि इथलं व्याकरण नीट ऐकावं. पहिले ‘अनअम्त’वाले, ज्यांच्यावर तू कृपा केलीस ते. आपला ‘इनाम’ याच धातूचा. इथे कर्ता ‘तू’ स्पष्ट आहे. दुसरे ‘मगदूब’, ज्यांच्यावर कोप झाला. मराठीतला ‘गजब’ यातूनच आला. इथे कर्मणी रूप आहे, कोप कुणी केला ते सांगितलेलं नाही. तिसरे ‘दाल्लीन’, भरकटलेले. हे कर्तरी रूप, ते स्वतःच भरकटले. कृपेला देवाचं ‘तू’ जोडलं आहे, कोपाला नाही.

म्हणूनच उच्चाराची शिस्त इतकी कडक. ‘अनअम्त’च्या शेवटी चुकून ‘तु’ आला की ‘तू कृपा केलीस’चं ‘मी कृपा केली’ होतं. ‘इय्याक’मधला द्वित्त ‘य’ सैल पडला तर शब्दच बदलतो. शाफई ग्रंथ असे चौदा द्वित्त उच्चार मोजून दाखवतात आणि अर्थ पालटणारी चूक न सुधारता पुढे गेल्यास नमाज बाद ठरवतात.

कोप झालेले म्हणजे यहुदी आणि भरकटलेले म्हणजे ख्रिस्ती, हा अर्थ तिर्मिझीच्या हदीससंग्रहात आहे आणि बऱ्याच भाषांतरांत तो कंसात घुसडलेला असतो. आयतीत मात्र कुणाचंच नाव नाही. माझ्या मते कंस काढून टाकावा. दिवसातून 17 वेळा म्हणायचं मागणं म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या पायांविषयी आहे. कोप ओढवून घेणं आणि वाट चुकणं हे दोन्ही धोके त्याला स्वतःला आहेत, म्हणून तर तो रोज विचारतो. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत गांधीजींनी फातिहेला जागा दिली, तीही हा अर्थ घेतला तरच शोभते.