आजीच्या कुशींतून आईच्या खोलींत



एकत्र कुटुंबांत मूल आजीजवळ निजूं लागतें, तें कोणी मुद्दाम ठरवून नव्हे. आईची रजा संपते, तिला सकाळीं लवकर उठून कामावर जावयाचें असतें, आजीची झोंप सावध असते. चार रात्री सोयीच्या म्हणून जातात आणि पाहतां पाहतां दीड वर्ष लोटतें. यांत मुलाचें कांहीं वाईट होत नाहीं. अडचण येते ती पुढें, जेव्हां कांहीं कारणानें त्याला आईबापांच्या खोलींत परत आणावें लागतें तेव्हां. त्या वेळीं मुलाची रडारड आणि मोठ्या माणसांची मूक धुसफूस सुरू होते, तिच्या मुळाशीं बहुधा एक गैरसमज असतो. आपण समजतों कीं मुलाची जागा बदलावयाची आहे. वस्तुतः आधीं बदलावयाची असते ती झोंप लागण्याची रीत, जागा मागाहून.

हें नीट समजण्यासाठीं मुलाची झोंप कशी असते तें पाहूं. आपल्याला वाटतें, मूल रात्रीं नऊला निजलें कीं सकाळपर्यंत सलग निजतें. तसें नसतें. दोन वर्षांच्या मुलाची झोंप सुमारें तासा-सव्वातासानें उथळ होते, तें कूस बदलतें, क्षणभर जागेंही होतें. त्या क्षणीं निजतांना जें जवळ होतें तेंच अजून आहे असें आढळलें, तर तें पुन्हां निजतें व सकाळीं कोणाला त्याचा पत्ताही नसतो. तें आढळलें नाहीं तर मात्र पुरतें जागें होऊन हाक मारतें. म्हणूनच अनेक घरांत योजिली जाणारी युक्ति, म्हणजे आजीजवळ निजलेलें मूल अलगद उचलून आईच्या खोलींत नेऊन ठेवणें, हटकून फसते. आजीचा पदर मुठींत धरून निजलेलें मूल दोन वाजतां डोळे उघडतें, तों पदर नाहीं, आजी नाहीं, भिंतही निराळी! दोनचार रात्री असें घडलें कीं झोंप लागणें हेंच धोक्याचें, असें तें समजूं लागतें, आणि निजावयासच नकार देतें.

आतां एक घर डोळ्यांपुढें आणूं. मुलगी सव्वादोन वर्षांची. आठव्या महिन्यापासून आजीजवळ, जमिनीवरच्या गादीवर निजते. आजीच्या गुडघ्यावर सहा आठवड्यांनीं शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. पुढें बरेच दिवस त्यांना खालीं बसतां येणार नाहीं, रात्रीं उठवणार नाहीं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबलें, तर मुलीची आजी आणि अंथरूण दोन्ही एकाच रात्रीं जातील. म्हणून प्रारंभ आतांच केला पाहिजे. पहिलें काम मुलीचें नव्हे, मोठ्यांचें. ही गोष्ट मुलानें स्वतः आईपाशीं काढावी. सुनेच्या तोंडून ती प्रथम आली, तर नात आपल्यापासून काढून घेतली जात आहे असें त्या वृद्धेला वाटणें साहजिक आहे. आणि आजीला तिच्या वांट्याचें काय उरतें तेंही त्याच वेळीं सांगावें. तें पुष्कळ उरतें, हें पुढें दिसेलच.

पहिला आठवडा जागा तीच, आजीचीच. आजी रोज काय करते तें आईनें आधीं दोन रात्री नुसतें पाहावें: पाय धुणें, चिऊकाऊची गोष्ट, दिवा मंद करणें, पाठीवर थोपटणें. मग आई त्या गादीवर दुसऱ्या बाजूला येते. गोष्ट आजीची, थोपटणें आईचें. तिसऱ्या-चौथ्या रात्रीं आजी थोडी दूर, पण नजरेच्या टप्प्यांत, जप करीत बसते. मुलगी आईचा हात झिडकारून “तूं नको, आजी,” असें म्हणेल. आईच्या मनाला तें लागतें. पण हा नकार आईला नसून अनोळखी हाताला आहे, आणि चारपांच रात्रींत तो हात ओळखीचा होतो.

मुलीला आईच्या थोपटण्यानें झोंप येऊं लागली, म्हणजे जागा बदलावी. आईच्या खोलींत पलंगाशेजारीं जमिनीवरच गादी घालावी. मुलीला उंच पलंगाची संवय नाहीं, व पडण्याचीही भीति राहत नाहीं. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर ती बरोबर न्यावी, आणि पहिले पंधरा दिवस धुऊं नये. तिचा वास हाच तिचा उपयोग. अशा वस्तूचें महत्त्व डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञानें १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत विशद केलें. गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आज्यांना तें निराळ्या रीतीनें ठाऊक होतेंच.

आजीनें या खोलींत येऊन गोष्ट सांगावी आणि मुलगी जागी असतांनाच, “मी आतां माझ्या खोलींत जातें, सकाळीं भेटूं,” असें सांगून उठावें. नजर चुकवून निसटूं नये, आणि आजी गांवाला गेली असें खोटेंही सांगूं नये. भिंतीपलीकडून आजीचा खोकला ऐकूं येतोच. सकाळीं मात्र उठल्याबरोबर मुलीला आजीकडे सोडावें, म्हणजे दिलेला शब्द खरा ठरतो. दुपारची झोंपही तूर्त आजीजवळच राहूं द्यावी. रात्रीं पेंग दाट असते, म्हणून नवी रीत रात्रीं लवकर बसते. दुपारची वेळ मागाहून बदलतां येते.

कठीण क्षण येतो तो रात्रीं दोन वाजतां. मुलगी “आजी, आजी” म्हणून रडेल. आईनें जवळ जावें, तेच दोन शब्द बोलावे, तसेंच थोपटावें. परंतु तिला उचलून आजीकडे नेऊं नये, आणि आजीनेंही आपल्या दारांतून येऊं नये. पलीकडे जागी असलेल्या आजीला हें किती जड जातें तें सांगावयास नको. तिसऱ्या-चौथ्या रात्रीं रडणें कमी होण्याऐवजीं वाढण्याचा संभव असतो. उपाय फसला असें वाटून नेमकें त्याच रात्रीं आजीनें तिला नेलें, तर मुलगी एवढेंच शिकते कीं आजी मिळावयास अर्धा तास रडावें लागतें. आणि दुसरे दिवशीं ती तेवढें रडते. म्हणून पहिले आठदहा दिवस निजवणारें माणूस एकच असावें. बापाची पाळी त्यानंतर.

जम बसत आहे हें कशावरून ओळखावें? मुलगी अंथरुणावर आल्यापासून वीसपंचवीस मिनिटांत निजूं लागते. रात्रींच्या हांका विरळ होतात. आणि एके रात्रीं अर्धवट झोंपेंत ती आजीऐवजीं आईला हाक मारते. उलट, दोन आठवड्यांनंतर ती दिवसाही कोणाला सोडीनाशी झाली, जेवण टाकूं लागली, तर आपण घाई केली असें समजून एक पायरी मागें यावें. ताप आला तर क्रम थांबवावा, पण जागा फिरवूं नये. हवी तर आजीच आजारी नातीपाशीं येऊन बसेल. मूल नेहमीं घोरत असेल, किंवा घोरतां घोरतां त्याचा श्वास अडत असेल, तर तो संवयीचा प्रश्न नव्हे. तें डॉक्टरांना दाखवावें. आणि याच महिन्यांत अंगावरचें दूध तोडणें किंवा बालवाडींत घालणें, हीं कामें काढूं नयेत.

या क्रमास तीनचार आठवडे पुरतात, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीं दोन आठवडे हाताशीं राहतात. आजी इस्पितळांत जाईल त्या रात्रीं मुलीला तिची आठवण येईलच. ती यावी, त्यांत गैर कांहीं नाहीं. पण त्या रात्रीं थोपटणारा हात ओळखीचा असेल, गोधडी तीच असेल, आणि दोन वाजतां डोळे उघडल्यावर शेजारीं कोण आहे तें तिला ठाऊक असेल.