वीस गाड्यांतली एकविसावी

मुंबईतल्या गर्दीच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी सहाला उभं राहिलं, की वडापावच्या चार-पाच गाड्या सहज एका नजरेत येतात. बटाटा एकाच मंडईतला, पाव बहुधा एकाच बेकरीचा, डाळीचं पीठही त्याच किराणा दुकानातलं. भावही सारखाच असतो. दोन रुपये जास्त लावले तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे सरकतं, दोन रुपये कमी लावले तर शेजाऱ्याशी वाकडं येतं. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. तेव्हा वडापाव हेच वेगळेपण होतं. आज तीच सगळ्यांची चाल आहे. मग अशा रांगेत नवी गाडी लावणाऱ्याने करायचं काय?

बहुतेक जण फलक लांबवतात. चीज वडापाव, शेजवान वडापाव, मेयोनीज वडापाव. पहिले काही दिवस कॉलेजची पोरं येतातही. पण सॉसची बाटली शेजाऱ्यालाही त्याच दुकानात मिळते, आणि महिनाभरात त्याच्याही गाडीवर तोच फलक झळकतो. शिवाय या प्रकारांनी हात मंदावतो. हिशेबापुरतं धरू, की पाव चिरून, चटणी लावून, वडा ठेवून हातात द्यायला एका माणसाला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे तासाला २४० वडापाव जाऊ शकतात. चीज किसायचं, सॉस पिळायचा, तव्यावर पाव भाजायचा, यात चाळीस सेकंद गेले तर तोच आकडा ९० वर येतो. स्टेशनबाहेरचा खरा धंदा दीड-दोन तासांचा. लोकल पकडायची घाई असलेला माणूस तीन जणांच्या मागे उभा राहत नाही.

म्हणून टिकणारं वेगळेपण बहुधा कढईपाशी सापडतं, रोजच्या कामातच दडलेलं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे दादर-प्रभादेवी भागातल्या कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव. तो ओळखला जातो चुऱ्यासाठी.

चुरा म्हणजे काय, हे कढईजवळ उभं राहिल्यावर कळतं. सारणाचा गोळा पिठात बुडवून तेलात सोडताना बोटांवरून पिठाचे थेंब आणि तार कढईत पडतात. काही क्षणांत ते कुरकुरीत होतात. झाऱ्याने वेळीच काढले नाहीत तर काळे पडतात, पुढच्या घाण्यातल्या वड्यांना चिकटतात आणि तेलाला कडवट वास येतो. म्हणजे चुरा काढणं प्रत्येक गाडीवाल्याला भागच असतं. फरक इतकाच, की कोणी तो बाजूला सारतो आणि कोणी पावात घालतो.

तो घातल्याने चव का बदलते? पाव मऊ, बटाटाही मऊ, आणि वड्याचं आवरण पावात दाबलं गेलं की तेही नरम होतं. दाताखाली कुरकुरीत असं काहीच उरत नाही. ती उणीव चुरा भरून काढतो. त्यासाठी नवी वस्तू आणावी लागत नाही आणि हातही थांबत नाही. वड्यावर एक चिमूट जास्त, एवढंच. गिऱ्हाईकही मित्राला एका वाक्यात सांगू शकतं : ‘तो चुरा घालून देतो ना, त्याच्याकडे जाऊ.’

पण चुऱ्याचं नाव झालं की पहिली अडचण येते : आपोआप पडणारा चुरा पुरत नाही. संध्याकाळी २०० वडापाव जात असतील आणि प्रत्येकात दहा ग्रॅम चुरा घालायचा असेल, तर दोन किलो लागतो. मग तो मुद्दाम तळावा लागतो. वड्यासाठीचं पीठ गोळ्याला धरून राहील इतकं दाट असतं. चुऱ्यासाठी ते सरसरीत करून झाऱ्यातून तेलात सोडतात. दोन किलो चुऱ्याला अंदाजे सव्वा किलो डाळीचं पीठ आणि त्यात मुरेल ते तेल धरलं, तर एका वडापावमागे साधारण रुपया-सव्वा रुपया खर्च वाढतो. वीस रुपयांच्या वडापावात तो झेपतो. मात्र तो धरलाच नाही, तर महिनाअखेरीस गल्ल्यात खड्डा दिसतो.

दुसरी अडचण दर्जाची. सोडा जास्त पडला की चुरा तेल पितो आणि पावाला तेलकट डाग पडतो. तेल पुरतं तापलेलं नसलं तरी तेच होतं. पिठाचा थेंब टाकल्यावर तो लगेच वर यायला हवा. चांगला चुरा सोनेरी असतो आणि बोटांत चुरताना आवाज करतो. तपकिरी, कडवट चुरा म्हणजे तेल थकलं. सकाळचा उरलेला संध्याकाळच्या चुऱ्यात मिसळला, तर पहिल्याच घासाला तो सादळलेला लागतो. ज्यासाठी लोक येतात तीच गोष्ट बिघडली, तर साध्या गाडीपेक्षा जास्त नुकसान होतं.

ठाण्यातल्या गजानन वडापावची ओळख वेगळ्या जागी आहे : वड्यासोबत मिळणारी डाळीच्या पिठाची पिवळी चटणी. इथेही पीठ तेच, भांडं मात्र निराळं. लसणीची सुकी चटणी काही दिवस टिकते. ही ओली, शिजवलेली चटणी रोज करावी लागते आणि उरली तर टाकावी लागते. कष्टाचं हे काम शेजारी सहसा अंगावर घेत नाही, आणि तेच तिचं संरक्षण आहे.

नाशिकचा उलटा वडापाव त्याहून मोठी उडी घेतो. पाव चिरून आत चटणी आणि बटाट्याचं सारण भरतात, मग अख्खा पाव पिठात बुडवून तळतात. खाणाऱ्याला गंमत वाटते, पण कढईचं गणित बदलतं. बारा वडे मावणाऱ्या कढईत असे पाच-सहाच मावतात, म्हणजे प्रत्येक घाण्याला निम्माच माल निघतो. तेल कमी तापलेलं असेल तर पाव ते स्पंजासारखं शोषतो. फार तापलेलं असेल तर बाहेरून रंग येतो आणि चिरेपाशी पीठ कच्चं राहतं. कापून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. निवांत उभं राहून खाणाऱ्यांच्या चौकात हा प्रकार शोभतो. लोकलच्या गर्दीत तो गाडीवाल्यालाच अडवेल.

कल्याणच्या खिडकी वड्याची ओळख तर जागेवरूनच पडली. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली आणि खिडकी हाच पत्ता झाला. याची नक्कल करता येत नाही, पण ठरवून घडवताही येत नाही. नव्या माणसाने त्यातून घ्यायचं ते एवढंच : उभं राहायला मिळालेल्या कोपऱ्याची खूण, मग तो जिना असो, झाड असो की बंद दुकानाचा ओटा, लोकांच्या तोंडी बसेल अशी वापरायची.

बदल लागू पडला की नाही, हे फलकावरून कळत नाही. गर्दीच्या तासात किती घाणे निघाले, ते आठवडाभर मोजावं. बदलानंतर घाणे कमी झाले आणि गल्लाही घटला, तर चव कितीही चांगली असो, तो प्रकार दुपारच्या मंद वेळेपुरता ठेवावा. आणि लोक काय मागतात ते ऐकावं. ‘एक वडापाव द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक कोणत्याही गाडीचं असतं. ‘चुरा जरा जास्त’ म्हणणारं मात्र शेजारच्या गाड्या ओलांडून आलेलं असतं.