फोनवरची शांतता कापताना

समजा, नागपुरातल्या जरीपटक्यातून एका सुनेने रात्री आरोग्य मदतवाहिनीला फोन लावला आहे. सासऱ्यांना संध्याकाळपासून धाप लागते आहे. फोन चौदा मिनिटे चालतो. पहिली ४० सेकंदे घंटी आणि ध्वनिमुद्रित स्वागतात जातात. पुढची तीन मिनिटे फोन घेणारी कर्मचारी नाव, वय, पत्ता आणि तक्रार विचारते. मग डॉक्टरांना जोडेपर्यंत अडीच मिनिटे संगीत वाजते. उरलेली सुमारे आठ मिनिटे डॉक्टरांशी बोलणे होते. पण त्यातही सून गोळ्यांचे पाकीट शोधायला जाते तेव्हा ८० सेकंदे फक्त टीव्ही ऐकू येतो, आणि नंतर एक मिनिट फोन सासऱ्यांच्या हातात असतो. ते दोन शब्द बोलतात, थांबतात, श्वास घेतात, पुन्हा बोलतात.

घड्याळ लावून मोजले, तर या ८४० सेकंदांत खरे बोलणे साधारण ४३५ सेकंदांचेच भरेल. म्हणजे जवळजवळ निम्मा फोन बोलण्याविनाच गेला.

असे फोन आता पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रित होतात आणि नंतर यंत्राकडून त्यांचे शब्दांकन, म्हणजे ऐकून लिहून काढणे, करून घेता येते. लेखी मजकूर हाताशी असला की रुग्णाने नेमके काय सांगितले, सल्ला काय दिला, हे तपासणे सोपे जाते. शब्दांकनाआधी बोलण्याचा भाग तेवढा ठेवून बाकीचा गाळण्याची एक पायरी असते. तिला ‘व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शन’ किंवा थोडक्यात ‘व्हीएडी’ म्हणतात. इथे कोणी बोलते आहे की नाही, एवढाच प्रश्न ती विचारते. काय बोलले, कोणत्या भाषेत बोलले, याच्याशी तिला देणेघेणे नसते. जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीत सून फोनवर मराठीत, मधेच हिंदीत आणि सासऱ्यांशी सिंधीत बोलली, तरी या पायरीला त्याची अडचण नाही. ती येते पुढच्या शब्दांकनाला.

कल्पना जुनी आहे. फोनवर एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, म्हणून प्रत्येकाची बाजू निम्म्याहून अधिक वेळ रिकामी असते. अटलांटिक महासागराखालच्या पहिल्या टेलिफोन केबलवर १९६०च्या सुमारास याच रिकाम्या जागांमध्ये दुसऱ्यांचे बोलणे बसवून जवळपास दुप्पट संभाषणे नेली गेली. पुढे मोबाइल फोनही बोलणारा गप्प असताना आवाज पाठवणे थांबवू लागले, म्हणजे बॅटरी वाचते.

आज शब्दांकनाआधी शांतता काढण्यामागे मात्र फक्त वेळेची आणि पैशांची बचत नाही. शब्दांकन करणाऱ्या यंत्राला शांततेत शब्द ‘ऐकू येतात’. २०२२मध्ये आलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली इंटरनेटवरील लाखो तासांच्या आवाजावर आणि त्यासोबतच्या मजकुरावर शिकली आहे. तिला काहीतरी लिहिण्याची सवय आहे. समोर नुसती शांतता किंवा संगीत आले, की ती कधी कधी व्हिडिओच्या शेवटी असतात तशी आभाराची वाक्ये लिहून मोकळी होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलिसन केनेके आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनितुकड्यांच्या शब्दांकनात मुळात कोणी उच्चारलीच नव्हती अशी वाक्ये किंवा वाक्यांश सापडले. ज्यांच्या बोलण्यात विराम जास्त, त्यांच्या बाबतीत हा प्रकार अधिक होता. मेंदूच्या आजारामुळे बोलणे अडखळणाऱ्या, म्हणजे वाचाघात झालेल्या रुग्णांचा त्यात समावेश होता. याचा अर्थ, जे सर्वांत आजारी तेच थांबत थांबत बोलतात, आणि त्यांच्याच तोंडी न बोललेले शब्द घातले जाण्याचा धोका जास्त. आपल्या उदाहरणात अडीच मिनिटांचे संगीत आणि टीव्ही यंत्रापुढे गेलेच नाहीत, तर तिथे काही रचून लिहिण्याची संधीच राहत नाही. व्हीएडीचा मोठा फायदा हाच.

ही निवड होते कशी? साध्या फोनच्या आवाजाची दर सेकंदाला ८,००० वेळा नोंद घेतली जाते. व्हीएडी त्याचे बारीक काप करते, साधारण ३० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे प्रत्येकात २४० नोंदी. चौदा मिनिटांच्या फोनचे असे २८,००० काप होतात. जुन्या पद्धती मुख्यतः आवाज किती मोठा आहे ते पाहत, त्यामुळे मोठ्याने वाजणारे संगीत आत येई आणि म्हाताऱ्या माणसाचे क्षीण बोलणे बाहेर जाई. नव्या पद्धती माणसाच्या बोलण्याचे आणि इतर आवाजांचे असंख्य नमुने ऐकून शिकलेल्या असतात. त्या प्रत्येक कापाला शून्य ते एक यांमधला गुण देतात. गुण ठरावीक उंबरठ्याच्या वर, अनेकदा ०.५च्या वर असला, की ते बोलणे समजायचे. सलग आलेले असे काप जोडून बोलण्याचे तुकडे तयार होतात.

चूक होते ती या तुकड्यांच्या कडांना, आणि मराठीत ती चूक महागात पडू शकते.

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. डॉक्टर विचारतात, “छातीत दुखतं का?” उत्तर येते, “छातीत दुखत... नाही.” वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो, आणि धाप लागलेल्या माणसाचा तर अगदीच. तो शेवटचा शब्द उंबरठ्याखाली राहिला, तर यंत्राच्या हाती ‘छातीत दुखत’ एवढेच पडते आणि ते आपल्या मनाने ‘आहे’ जोडून वाक्य पुरे करू शकते. अर्थ उलटा झाला. वाक्याच्या सुरुवातीचेही तसेच. ‘स’ हा वर्ण फुसकारल्यासारखा, कमी जोराचा. शिवाय साध्या फोनवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, त्यामुळे ‘स’ आणखी फिका पडतो. सुनेने नाडीचे ठोके ‘साठ’ सांगितले आणि पहिला वर्ण कापला गेला, तर कागदावर ‘आठ’ उमटते. नाडी आठ असू शकत नाही, म्हणून ही चूक कोणाच्या तरी लक्षात येईल. पण तोच आकडा इन्सुलिनच्या युनिटांचा असेल तर शंका येईलच असे नाही.

तिसरी अडचण ‘हो’ची. फार छोटे तुकडे म्हणजे खोकला किंवा फोन आपटल्याचा आवाज, असे धरून व्हीएडी ते टाकून देते. एका प्रचलित साधनात ही मर्यादा मुळातच २५० मिलिसेकंद ठेवलेली असते. घाईत म्हटलेला ‘हो’ किंवा होकाराचा ‘हं’ त्याहून छोटा असू शकतो. डॉक्टरांचा प्रश्न कागदावर राहतो आणि उत्तर गायब होते.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर दोन-तीनशे मिलिसेकंदांचा आवाज जास्तीचा ठेवायचा, म्हणजे ‘साठ’मधला ‘स’ आणि वाक्याच्या कडेचा ‘नाही’ आत येतात. अर्ध्या सेकंदाहून छोटा विराम कापायचाच नाही. आरोग्याच्या फोनसाठी छोट्या तुकड्यांची मर्यादा १०० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणायची. उंबरठाही थोडा खाली ठेवायचा, कारण थोडा टीव्ही आत आला तर वाचणाऱ्याला तो ओळखता येतो, पण गेलेला ‘नाही’ कोणालाच दिसत नाही.

बसवलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे कळायला सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे ठेवलेले नव्हे, तर टाकलेले ऐकणे. वीसेक फोन घ्यावेत, त्यांतले गाळलेले भाग एकत्र जोडावेत आणि कोणी तरी माणसाने ते शांतपणे ऐकावेत. त्यात घंटी, संगीत, पंख्याची घरघर असेल तर ठीक. एक जरी शब्द ऐकू आला, तरी उंबरठा किंवा कडा बदलायला हव्यात. वृद्ध, लहान मुले आणि दम लागलेले रुग्ण या चाचणीत मुद्दाम घ्यावेत. खणखणीत आवाजाच्या माणसांवर कोणतीही मांडणी उत्तीर्ण होते. उलट दिशेची चूकही तपासावी. स्वागताची ध्वनिमुद्रित सूचना, टीव्हीवरची मालिका आणि गाण्यातला गळा हे सगळे माणसाचेच आवाज असल्याने व्हीएडी ते बिनदिक्कत ठेवते. दर फोनला तीच असणारी सूचना वेळ पाहून वेगळी काढता येते. टीव्हीचे मात्र माणसालाच ओळखावे लागते.

एवढे सगळे नीट बसवल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती यंत्राच्या चुकीची नाही. दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला एका दमात वाक्य पुरे करता येते का, हे डॉक्टर मुद्दाम पाहतात. येत नसेल, तर ते गंभीर लक्षण मानले जाते. फोनवर तपासणीची साधने नसतात, तेव्हा तर हे लक्षण आणखी मोलाचे. आणि ते शब्दांत नसते, शब्दांमधल्या जागेत असते. व्हीएडी नेमकी तीच जागा काढून टाकते. तुकडे एकाला एक चिकटवले, की सासऱ्यांचे बोलणे कागदावर “बसल्यावर पण श्वास लागतो, झोपता येत नाही” असे सलग, धडधाकट माणसाच्या वाक्यासारखे दिसते.

म्हणून कापायचे ते फक्त यंत्राला वाचायला देण्यापुरते. मूळ ध्वनिमुद्रण तसेच राहिले पाहिजे, आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याची मूळ वेळ नोंदली गेली पाहिजे: हा तुकडा ९ मिनिटे ४८ सेकंदांना सुरू झाला, ९ मिनिटे ५० सेकंदांना संपला, पुढचा ९ मिनिटे ५४ सेकंदांचा. या नोंदी असल्या, की शब्दांकन झाल्यावर प्रत्येक वाक्य मूळ जागी परत बसवता येते, शंका आली तर तेवढाच भाग पुन्हा ऐकता येतो, आणि विरामही लिहून दाखवता येतात. गाळलेल्या भागात घरघर किंवा खोकला आहे का, हेही मग तपासता येते. नोंदी न ठेवता तुकडे चिकटवले, तर तो हिशेब मूळ आवाजाशी पुन्हा जुळवणे फार कठीण.

असे परत बसवल्यावर तेच वाक्य कागदावर वेगळे दिसते: “बसल्यावर पण (४ सेकंद) श्वास (३ सेकंद) लागतो (५ सेकंद) झोपता (४ सेकंद) येत नाही.” शब्द तेच आहेत. पण हे वाचणारा डॉक्टर सकाळची वाट पाहायला सांगणार नाही, रुग्णवाहिका पाठवायला सांगेल.